पाहुण्याला किती कोर, किती रॅम?

संगणकावर मोबाइलचे खेळ चालवणारा अँड्रॉइड इम्युलेटर म्हणजे विंडोजच्या पोटात चालणारा आख्खा फोन असतो. ब्लूस्टॅक्स, एलडीप्लेअर, नॉक्स, मीमू ही नावे वेगवेगळी असली तरी आतली रचना एकच. लॅपटॉपचा प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स चिप यांतला काही वाटा बाजूला काढून त्यावर एक आभासी यंत्र उभे केले जाते, त्या यंत्रात अँड्रॉइड बसवलेले असते, आणि खेळाला आपण खऱ्या फोनवरच चालतो आहोत असे वाटत राहते. या क्षेत्रात मूळ विंडोजला यजमान आणि आतल्या अँड्रॉइडला पाहुणा म्हणतात. मराठी घरात या दोन शब्दांचा जो अर्थ होतो, तोच येथेही पुष्कळसा लागू पडतो.

इम्युलेटरच्या सेटिंगमध्ये गेल्यावर बहुतेक जण पहिली गोष्ट करतात ती म्हणजे कोर आणि मेमरी यांचे आकडे जास्तीत जास्त वर नेणे. खेळ त्यानंतर अनेकदा आधीपेक्षा जास्त अडखळतो. कारण असे की खेळाचे सगळे काम पाहुण्याच्या खोलीत होत नाही. खेळातला हिशेब, म्हणजे गोळी कुठे लागली, गाडी किती वळली, शत्रू भिंतीआड आहे की नाही, हे अँड्रॉइडच्या आत ठरते. चित्र मात्र बाहेर निघते. खेळ चित्र काढण्याच्या आज्ञा मोबाइलच्या ग्राफिक्स भाषेत देतो; इम्युलेटर त्या उचलून विंडोजकडे आणतो, त्यांचे डायरेक्टएक्स किंवा ओपनजीएलमध्ये रूपांतर करतो आणि मग लॅपटॉपची ग्राफिक्स चिप त्या पार पाडते. या रूपांतरालाही प्रोसेसर लागतो आणि मेमरी लागते, आणि ती यजमानाच्या वाट्यातून जाते. सगळे कोर पाहुण्याला देऊन टाकले तर त्याचे चित्र काढणारा यजमानच उपाशी राहतो. पुढच्या बहुतेक सेटिंगचा उलगडा या एका गोष्टीवरून होतो.

मात्र कोर आणि रॅम यांच्या आधी व्हर्च्युअलायझेशन येते. ते बंद असेल तर बाकीचे आकडे कितीही बदलले तरी फरक पडत नाही. प्रोसेसरच्या काही आज्ञा फक्त मुख्य ऑपरेटिंग सिस्टिमनेच द्यायच्या असतात. उदाहरणार्थ, मेमरीचा कोणता भाग कोणाचा हे ठरवणाऱ्या आज्ञा. आतले अँड्रॉइड हीसुद्धा एक ऑपरेटिंग सिस्टिमच असल्यामुळे तेही त्या आज्ञा देऊ पाहते, आणि त्या तशाच चालू दिल्या तर विंडोज कोलमडेल. म्हणून मध्ये कोणीतरी त्या अडवून त्यांचे सुरक्षित रूप चालवावे लागते. कोणत्या यंत्रावर असे अडवणे नीट जमेल याच्या अटी जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्येच मांडल्या होत्या. घरगुती संगणकांतल्या जुन्या इंटेल घराण्याच्या प्रोसेसरना त्या पूर्ण करता येत नव्हत्या. काही आज्ञा अडवल्या न जाता गुपचूप वेगळाच परिणाम करून मोकळ्या होत. त्यामुळे आभासी यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला आतला धोकादायक कोड आधी तपासून, बदलून मग चालवावा लागे. इंटेलने २००५ मध्ये व्हीटी-एक्स आणि एएमडीने २००६ मध्ये एएमडी-व्ही ही सोय थेट प्रोसेसरमध्ये आणली. तेव्हापासून पाहुण्याचा कोड प्रोसेसरवर सरळ धावतो, आणि नाजूक आज्ञा आली की हार्डवेअर स्वतःच नियंत्रण इम्युलेटरकडे परत देते.

ही सोय चालू आहे की नाही हे पाहायला अर्धा मिनिट लागतो. Ctrl, Shift आणि Esc एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, Performance मध्ये CPU वर जावे आणि आलेखाच्या खालच्या ओळी वाचाव्यात. तेथे कोरची संख्या, लॉजिकल प्रोसेसरची संख्या आणि Virtualization: Enabled किंवा Disabled असे लिहिलेले असते. Disabled असेल तर दुरुस्ती विंडोजमध्ये होत नाही, त्यासाठी बायोसमध्ये जावे लागते. लॅपटॉप सुरू होताना कोणती कळ दाबायची हे कंपनीगणिक बदलते. ती घाईत नेमकी चुकते, म्हणून विंडोजच्या आतला रस्ता सोपा: Settings मध्ये System, त्यात Recovery, तेथे Advanced startup समोरचे Restart now. निळ्या पडद्यावर Troubleshoot, मग Advanced options, मग UEFI Firmware Settings. बायोसमध्ये इंटेलच्या यंत्रावर Intel Virtualization Technology किंवा VT-x अशी ओळ शोधावी. एएमडीच्या यंत्रावर तीच गोष्ट SVM Mode या नावाने असते, आणि बहुधा प्रोसेसरच्या आतल्या एखाद्या उपयादीत दडलेली असते. शेजारी VT-d दिसले तर त्याच्याशी इम्युलेटरचा संबंध नाही. ती सोय खरी उपकरणे पाहुण्याच्या ताब्यात देण्यासाठी आहे. बदल जतन करून यंत्र पुन्हा सुरू करावे. ज्या लॅपटॉपवर डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते, तेथे बायोसला हात लावल्यानंतर विंडोज रिकव्हरी की मागू शकते. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून आधीच लिहून घेतलेली बरी. पडदा निळा झाल्यावर ती शोधत बसणे फार मनस्तापाचे असते.

येथपर्यंतची माहिती बहुतेकांना असते. खरी गोम पुढे आहे. टास्क मॅनेजर Enabled म्हणतो आहे, तरीही इम्युलेटर रेंगाळतो आहे, अशी स्थिती नव्या लॅपटॉपवर सर्रास आढळते. प्रोसेसरमधली ही सोय कोणीतरी आधीच बळकावलेली असते, आणि तो कोणीतरी म्हणजे विंडोज स्वतः. विंडोजमध्ये हायपर-व्ही नावाचा मायक्रोसॉफ्टचाच आभासी यंत्रांचा थर आहे. तो सुरू असेल तर सगळ्यात खाली तो बसतो, विंडोज त्याच्यावर चालते, आणि इम्युलेटरला प्रोसेसरशी थेट बोलता न येता या थरामार्फत बोलावे लागते. काही इम्युलेटर तसे बोलू शकतात, पण दर फेरीला मध्यस्थ आल्याने वेग घटतो. काही जुन्या आवृत्त्या तर सुरूच होत नाहीत. व्हर्च्युअलबॉक्स या प्रसिद्ध सॉफ्टवेअरमध्ये अशा वेळी खिडकीच्या खालच्या पट्टीत चक्क एक हिरवे कासव दिसते. गेमिंगच्या इम्युलेटरांनी एवढा प्रामाणिकपणा ठेवलेला नाही.

हायपर-व्ही आपण कधी चालूच केले नव्हते, असे अनेकांना वाटते आणि ते खरेही असते. लिनक्ससाठीची विंडोजमधली सोय किंवा डॉकर बसवताना हा थर आपोआप चालू होतो. विंडोज ११ असलेल्या पुष्कळ नव्या यंत्रांवर Memory integrity ही सुरक्षेची सोय पहिल्यापासून चालू असते, आणि तीही याच थरावर उभी असते. त्यामुळे Windows Features च्या यादीत Hyper-V समोरची खूण काढली, किंवा होम आवृत्तीत ती ओळच नसली, तरी थर जिवंत राहू शकतो. खात्री करायची असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये systeminfo लिहून शेवटचा भाग वाचावा. A hypervisor has been detected असे वाक्य असेल तर थर चालू आहे. तो तात्पुरता बंद करायचा असल्यास कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडून पहिली आज्ञा द्यावी आणि यंत्र पुन्हा सुरू करावे, पूर्ववत करताना दुसरी आज्ञा द्यावी.

```
bcdedit /set hypervisorlaunchtype off
bcdedit /set hypervisorlaunchtype auto
```

हे करताना काय गमावले जाते तेही लक्षात घ्यावे. थर बंद असेपर्यंत डॉकर, विंडोज सँडबॉक्स, लिनक्सची दुसरी आवृत्ती यांपैकी काही चालत नाही. गूगलचे ‘प्ले गेम्स ऑन पीसी’ही चालत नाही, कारण त्याला उलट हाच थर हवा असतो. Memory integrity बंद पडल्याने विंडोजच्या गाभ्याचे एक संरक्षण जाते. ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार किंवा कार्यालयाचे काम होते, त्यावर दहा-पंधरा फ्रेमसाठी हा सौदा करू नये. तेथे हायपर-व्हीसोबत चालणारी इम्युलेटरची आवृत्ती निवडणे आणि थोडा वेग सोडून देणे हे शहाणपणाचे.

आता कोरकडे. उदाहरणासाठी भारतात विद्यार्थ्यांच्या हाती भरपूर दिसणारा एक लॅपटॉप घेऊ: प्रोसेसर इंटेलचा i5-1135G7, रॅम ८ जीबी, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. टास्क मॅनेजरमध्ये या यंत्रापुढे Cores: 4 आणि Logical processors: 8 असे दिसते. पहिला घोटाळा येथेच होतो. आठ लॉजिकल प्रोसेसर म्हणजे आठ कोर नव्हेत. चार खरे कोर आहेत, आणि प्रत्येक कोर एका वेळी दोन कामांच्या दोऱ्या धरू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. एका चुलीवर दोन पातेली आलटून पालटून ठेवली तर चूल कधी रिकामी राहत नाही, पण स्वयंपाक काही निम्म्या वेळात होत नाही.

इम्युलेटरमध्ये ‘४ कोर’ निवडले म्हणजे चार कोर तोडून पाहुण्याला दिले, असेही होत नाही. पाहुण्याला चार आभासी प्रोसेसर दिसतात, आणि यजमानाच्या दृष्टीने ती चार साधी कामे असतात. ब्राउझर, अँटिव्हायरस आणि इम्युलेटरचाच चित्रे काढणारा भाग यांच्याबरोबर तीही रांगेत उभी राहतात. समजा या यंत्रावर आठ आभासी प्रोसेसर दिले. अँड्रॉइडला वाटते, आठही हात मोकळे आहेत. मग त्यातला एक आभासी प्रोसेसर एखादे सामाईक कुलूप लावून काम करत असतानाच विंडोज त्याला बाजूला करून चित्राच्या कामाला जागा देते. कुलूप लागलेलेच राहते. उरलेले प्रोसेसर ते कधी उघडेल याची वाट पाहत जागच्या जागी फिरत राहतात आणि फिरण्यातही खरा कोर खर्च करतात. पडद्यावर हे कसे दिसते? सरासरी वेग चांगला, पण दर काही सेकंदांनी एक बारीक झटका. नेम धरलेला असतानाच तो बसतो, असे खेळणाऱ्यांचे म्हणणे असते, आणि त्यात तथ्य आहे: चकमक सुरू झाली की खेळाचा हिशेब आणि चित्राचे काम दोन्ही एकदम वाढते.

शिवाय आठ कोर खेळाला वापरताही येत नाहीत. ‘फ्री फायर’ आणि ‘कॉल ऑफ ड्यूटी: मोबाइल’ हे खेळ युनिटी या इंजिनवर बनले आहेत. तेथे खेळाचा मुख्य हिशेब एका धाग्यात आणि चित्राच्या आज्ञा तयार करण्याचे काम प्रामुख्याने दुसऱ्या धाग्यात चालते. आवाज, नेटवर्क, फाइल वाचणे अशी किरकोळ कामे उरलेल्यांत वाटली जातात. दोन जोरदार कोर आणि दोन आधाराचे कोर, एवढ्यात अशा खेळांचे भागते. पाचवा, सहावा कोर बहुतेक वेळ नुसता बसून राहतो.

म्हणून या लॅपटॉपवर आधी २ कोर देऊन पाहावे, नंतर ४, आणि तेथे थांबावे. सहा किंवा आठ खरे कोर असलेल्या यंत्रावर ४ द्यायला हरकत नाही, कारण मागे यजमानाला पुरेसे उरतात. दोनच खरे कोर असलेल्या जुन्या लॅपटॉपवर २ च्या वर जाऊ नये. कोणता आकडा बरोबर हे टास्क मॅनेजरच सांगतो. CPU च्या आलेखावर उजवी कळ दाबून Change graph to मधून Logical processors निवडले की आठ छोटे आलेख दिसतात. खेळ चालू असताना आठही माथ्याला टेकलेले असतील तर वाटप जास्त झाले आहे, कोर कमी करावेत. एक-दोनच उंच आणि बाकीचे निवांत असतील तर खेळ एका धाग्यावर अडला आहे. अशा वेळी कोर वाढवून काहीही साधत नाही.

रॅमच्या बाबतीत ‘घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं’ ही म्हण तंतोतंत बसते. ८ जीबीच्या आपल्या लॅपटॉपवर विंडोज आणि अँटिव्हायरस सुरू होऊन स्थिर झाले की समजा ३.४ जीबी वापरात दिसते. थोडी रॅम हार्डवेअरसाठी राखीव असते, ती सोडून हाती ७.७ जीबी येते असे धरू. म्हणजे मोकळी जागा ४.३ जीबी. इम्युलेटरला ४ जीबी दिली की उरते ०.३, आणि त्यात इम्युलेटरचा यजमानाच्या बाजूचा भाग बसवायचा असतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसल्याने चित्रांचा साठाही याच रॅममधून घेतला जातो. पाहुणा आपले चार जीबी हळूहळू भरत जातो, आणि खेळाच्या दहाव्या-पंधराव्या मिनिटाला मोकळी जागा संपते. मग विंडोज रॅममधली पाने डिस्कवर टाकू लागते. पाहुण्याला यातले काही कळत नाही. त्याच्या लेखी ती रॅमच आहे. खेळाने नकाशाचा नवा भाग मागितला, नेमके ते पान डिस्कवर गेलेले असले, की चित्र थिजते. कॅमेरा वळवताना किंवा नवीन इमारतीत शिरताना थबका बसणे, आणि त्याच क्षणी टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आलेख उसळणे, ही यजमानाची रॅम संपल्याची ओळख.

उलट चूकही होते. पाहुण्याला फक्त १ किंवा २ जीबी दिली तर अँड्रॉइडची स्वतःची शिस्त आड येते. मेमरी कमी पडू लागली की अँड्रॉइड आधी मागे पडलेली अ‍ॅप बंद करते, आणि तरी भागले नाही तर समोरचा खेळही बंद करते. अशा वेळी चुकीचा कोणताही संदेश येत नाही. खेळ एकदम नाहीसा होतो आणि अँड्रॉइडचा मुखपृष्ठाचा पडदा दिसू लागतो. किंवा दोन मिनिटे दुसरे अ‍ॅप उघडून परत आल्यावर खेळ पहिल्या बोधचिन्हापासून सुरू होतो. थबकणे आणि नाहीसे होणे या दोन तक्रारी एकच वाटतात, पण उपाय परस्परविरुद्ध आहेत. थबकत असेल तर पाहुण्याची रॅम कमी करावी. नाहीसा होत असेल तर वाढवावी.

आपल्या उदाहरणात ३ जीबी हा मधला आकडा बसतो. ज्या इम्युलेटरमध्ये मेमरी एमबीमध्ये लिहिता येते, तेथे तो 3072 असा लिहावा. खेळाआधी ब्राउझर बंद करून अर्धा-एक जीबी मोकळी करणे हे सेटिंगमधल्या कोणत्याही बदलाइतकेच मोलाचे. १६ जीबीच्या यंत्रावर ४ जीबी बिनधास्त द्यावी, जड खेळासाठी ६ सुद्धा. मात्र ३२ बिटच्या अँड्रॉइडमध्ये एका अ‍ॅपला ४ जीबीच्या पलीकडचे पत्तेच मांडता येत नाहीत, त्यामुळे तेथे आठ जीबी देण्यात अर्थ नाही.

याच लॅपटॉपबाबत एक गोष्ट सेटिंगमध्ये कुठेच सापडत नाही आणि तरी तिचा परिणाम मोठा असतो. टास्क मॅनेजरमध्ये Memory वर गेल्यावर खाली Slots used: 1 of 2 असे दिसले तर रॅमची एकच पट्टी बसवलेली आहे. प्रोसेसरच्या पोटातली ग्राफिक्स चिप रॅमशी ज्या रस्त्याने बोलते, तो एका पट्टीमुळे निम्मा अरुंद राहतो. i5-1135G7 मधली चिप आयरिस एक्सई या नावाने विकली जाते, पण एकाच पट्टीवर ती विंडोजमध्ये Intel UHD Graphics असे साधेच नाव दाखवते, कारण दोन रस्ते असल्याशिवाय ते नाव लावायचे नाही असा इंटेलचाच दंडक आहे. दुसरी ८ जीबीची पट्टी टाकली की जागा दुप्पट होते, रस्ता रुंदावतो आणि डिव्हाइस मॅनेजरमधले नावही बदलते. जेथे रॅम बोर्डावर डकवलेली असून जादा खाच नसते, तेथे मात्र हा मार्ग बंद.

चित्राच्या बाजूची सेटिंग त्यामानाने सरळ आहेत. पडद्याचे रिझोल्यूशन १९२० गुणिले १०८० ऐवजी १२८० गुणिले ७२० केले की दर फ्रेममध्ये रंगवायचे ठिपके २०,७३,६०० वरून ९,२१,६०० वर येतात, म्हणजे ग्राफिक्स चिपचे काम निम्म्याहून कमी होते. वेगळे कार्ड नसलेल्या यंत्रावर या एका बदलाने जितका फरक पडतो, तितका इतर कशानेही पडत नाही. शेजारचा डीपीआयचा आकडा फक्त बटणे आणि अक्षरे किती मोठी दिसावीत हे ठरवतो. रेंडरर म्हणून डायरेक्टएक्स, ओपनजीएल, काही ठिकाणी व्हल्कन असे पर्याय असतात. इंटेलच्या चिपवर डायरेक्टएक्सने सुरुवात करावी. जमीन काळी दिसणे, झाडे गायब होणे असे काही झाले तर दुसरा पर्याय घ्यावा.

वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेल्या लॅपटॉपवर इम्युलेटर पुष्कळदा ते सोडून प्रोसेसरमधल्या साध्या चिपवरच चालतो. विंडोजच्या Settings मध्ये System, Display, Graphics येथे इम्युलेटरची फाइल जोडून High performance निवडले की हा प्रश्न सुटतो. ब्लूस्टॅक्सच्या बाबतीत ती फाइल HD-Player.exe. एएसटीसी टेक्श्चरचा पर्याय मात्र नीट पाहूनच लावावा. ही चित्रे दाबून साठवण्याची मोबाइल चिपांची पद्धत आहे, आणि संगणकाच्या अनेक ग्राफिक्स कार्डांना ती स्वतः उलगडता येत नाही. सॉफ्टवेअरने उलगडायला सांगितले तर तो भार प्रोसेसर आणि रॅमवर पडतो, म्हणजे जे दोन आकडे एवढ्या काटकसरीने ठरवले तेच पुन्हा बिघडतात. खेळात चित्रे अस्पष्ट किंवा काळी दिसत असतील तरच तो चालू करावा.

फ्रेमची मर्यादा दोन ठिकाणी असते, इम्युलेटरमध्ये आणि खेळाच्या आत, आणि दोन्हींपैकी लहान आकडा चालतो. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० साठी ३३.३. डोळ्याला खुपतो तो कमी वेग नव्हे, तर अनियमितपणा. सोळा-सतरा मिलिसेकंदांच्या फ्रेमांत मध्येच एक ८० ची आली की झटका बसतो, सरासरी आकडा मात्र पन्नाशीच्या आसपासच राहतो. म्हणून ४० ते ६० दरम्यान हेलकावे खाणाऱ्या खेळापेक्षा ४० वर बांधलेला खेळ जास्त सुरळीत वाटतो. ६० हर्ट्झच्या पडद्यावर १२० फ्रेम मागणे म्हणजे अर्ध्या फ्रेम रंगवून फेकून देणे.

सेटिंग तपासण्याची पद्धत कंटाळवाणी आहे, पण तिला पर्याय नाही. इम्युलेटरमधला एफपीएस दाखवणारा आकडा चालू करावा, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, इम्युलेटर पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा आणि खेळातल्या त्याच ठिकाणी, शक्यतो प्रशिक्षणाच्या मैदानात, दहा मिनिटे खेळून पाहावे. आपल्या उदाहरणातल्या यंत्रावर अशी फेरी साधारण या क्रमाने जाते: आधी हायपर-व्हीची तपासणी, मग २ कोर आणि ३ जीबी, १२८० गुणिले ७२०, मर्यादा ६०. आकडा ५० च्या खाली घसरत असेल आणि आठ आलेखांपैकी बरेच रिकामे असतील तर कोर ४ करावेत. ४ वर सरासरी वाढली पण झटके आले तर २ वर परतावे. कोर बदलूनही आकडा जागचा हलला नाही आणि GPU चा आलेख शंभर टक्क्यांना चिकटलेला असला, तर अडचण कोरची नव्हतीच. खेळातले सावल्यांचे आणि दर्जाचे पर्याय उतरवावेत.

लॅपटॉपवर दहा मिनिटे हा काळही मुद्दाम धरलेला आहे. पहिली काही मिनिटे खेळ छान चालतो आणि नंतर वेग पायऱ्या उतरल्यासारखा पडतो, ही तापण्याची खूण. टास्क मॅनेजरमध्ये Speed समोरचा आकडा तेव्हा साडेतीन गिगाहर्ट्झच्या वरून दोनच्या खाली आलेला दिसतो. प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी मंद होतो. येथे चार्जर जोडून ठेवावा, लॅपटॉप गादीवरून उचलून टेबलावर ठेवावा आणि फ्रेमची मर्यादा ६० ऐवजी ४५ करावी. कोर वाढवले तर यंत्र आणखी तापते.

सगळे जुळवूनही काही खेळ संगणकावर फोनइतके चांगले चालत नाहीत, आणि त्याला व्हर्च्युअलायझेशन जबाबदार नसते. फोनचे प्रोसेसर एआरएम जातीचे, संगणकाचे बहुतेक एक्स-८६ जातीचे. खेळ फक्त एआरएमसाठी बांधलेला असेल तर त्याची प्रत्येक आज्ञा आधी भाषांतरित करावी लागते. हे काम करणाऱ्या भाषांतरकारांत इंटेलचा ‘हूडिनी’ जुना आणि नावाजलेला आहे. व्हर्च्युअलायझेशन दोन ऑपरेटिंग सिस्टिम एका प्रोसेसरवर नांदवते. दोन जातींच्या प्रोसेसरमधले भाषांतर ते टाळू शकत नाही. अशा खेळात मुख्य धागा भाषांतरातच अडकतो. तेथे इम्युलेटरची नवी, ६४ बिट अँड्रॉइडची आवृत्ती घेऊन पाहणे एवढेच हाती असते.

दुसरी मर्यादा खेळ बनवणाऱ्यांनी घातलेली आहे. माऊस आणि कळफलकाने नेम धरणाऱ्याचा बोटाने खेळणाऱ्यावर वरचष्मा राहतो, त्यामुळे ‘पब्जी मोबाइल’सारखे खेळ इम्युलेटर ओळखून अशा खेळाडूंना आपसातच भिडवतात, तर काही खेळांना इम्युलेटर मुळीच चालत नाही. इम्युलेटर लपवण्यासाठी इंटरनेटवर फिरणारी साधने वापरली तर खाते कायमचे बंद होण्याची शक्यता असते, आणि त्या साधनांत काय भरलेले आहे हे तपासण्याचा मार्ग साध्या वापरकर्त्याकडे नसतो. खेळ बसवण्याआधी त्याच्या नियमांत इम्युलेटरबद्दल काय लिहिले आहे ते वाचावे. मनाई असेल तर तो खेळ फोनवरच खेळावा लागतो.